भाडं वाढलं तरी जुना आकडा खोडू नका: सात भाडेकरूंचा हिशेब एका शीटमध्ये

प्रश्न: चिंचवडला आमची दोन मजली इमारत आहे. सहा बिऱ्हाडं आणि खाली एक गाळा. गूगल शीटमध्ये महिन्यांचे बारा रकाने करून कुणी किती दिले ते लिहितो. करार वाढवून भाडं बदललं की मागची बाकी चुकते. भाडेकरू म्हणतो सगळं दिलंय, शीट म्हणते एक महिना बाकी आहे. डिपॉझिट कुठे धरायचं तेही कळत नाही. नीट पद्धत सांगाल का?

उत्तर: शीट नेमका ‘एक महिना’ बाकी दाखवते, यावरूनच चूक कुठे असावी याचा बराच अंदाज येतो. तुम्ही प्रत्येकाच्या नावापुढे ‘दरमहा भाडं’ अशी एक चौकट ठेवली असणार आणि बाकी काढताना त्या आकड्याला महिन्यांनी गुणत असणार. करार वाढला की त्याच चौकटीत जुना आकडा पुसून नवा लिहायचा. त्या क्षणी शीट मागचे सगळे महिनेही नव्या दराने मोजायला लागते.

एक उदाहरण आकड्यांनिशी बघू. पहिल्या मजल्यावरचा भाडेकरू १ जुलै २०२४ पासून राहतोय. करार २२ महिन्यांचा, भाडं १४,००० आणि ११ महिन्यांनंतर १० टक्के वाढ, म्हणजे १ जून २०२५ पासून १५,४००. सप्टेंबर २०२५ पर्यंत त्याच्याकडून येणं होतं ११ महिन्यांचे १,५४,००० आणि नव्या दराच्या चार महिन्यांचे ६१,६००, एकूण २,१५,६००. त्याने जून, जुलै आणि ऑगस्ट जुन्याच दराने भरले आणि आठवण केल्यावर सप्टेंबरला १५,४०० दिले. म्हणजे जमा २,११,४००. खरी बाकी ४,२००, तीन महिन्यांचा १,४००चा फरक.

आता चौकटीत १५,४०० लिहून १५ महिन्यांनी गुणलं तर येणं २,३१,००० होतं आणि बाकी दिसते १९,६००. खऱ्या बाकीपेक्षा १५,४०० जास्त, बरोबर एका महिन्याचं नवं भाडं! हा योगायोग नाही. ११ महिने गुणिले १० टक्के म्हणजे जुन्या भाड्याच्या ११० टक्के, आणि नवं भाडंही जुन्याच्या ११० टक्केच असतं. आपल्याकडचा अकरा महिने आणि दहा टक्के हा नेहमीचा जोड असला की ही चूक हुबेहूब बुडालेल्या महिन्यासारखी दिसते. मालक भाडेकरूशी वाद घालतो, भाडेकरू यूपीआयचे सगळे स्क्रीनशॉट दाखवतो आणि दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक असतात. वाढ ५ किंवा ७ टक्के असेल तर फरक असा गोल येत नाही, पण चूक तीच.

उलट बाजूची चूक बारा रकान्यांच्या वहीत होते. जूनच्या रकान्यात १४,००० लिहिलेले दिसतात, रकाना भरलेला असतो, म्हणून नजर पुढे जाते. दर महिन्याचे १,४०० कुणाच्या लक्षातच येत नाहीत.

यावरचा उपाय असा, की ‘किती यायला हवं’ आणि ‘किती आलं’ या दोन गोष्टी वेगवेगळ्या पानांवर लिहायच्या आणि दर तारखेसकट नोंदवायचा. शीटमध्ये खाली पाच टॅब करा: `Rate`, `Due`, `Paid`, `Deposit` आणि `Summary`. टॅबची नावं इंग्रजीत आणि एका शब्दाची ठेवली की सूत्रं लिहिताना अवतरणचिन्हांची कटकट राहत नाही.

त्याआधी प्रत्येक भाडेकरूला एक कोड द्या. जागेचा क्रमांक आणि पुढे एक अक्षर, उदाहरणार्थ `F2A`. तो सोडून गेला आणि त्याच खोलीत दुसरा आला की `F2B`. त्याच माणसाचा करार वाढला तर कोड बदलायचा नाही, कारण त्याची बाकी आणि डिपॉझिट पुढे चालूच राहतं. नुसता खोली क्रमांक वापरला तर जुन्या भाडेकरूची थकबाकी नव्याच्या माथी बसते. `2-24` असा कोड तर देऊच नका, शीट त्याची तारीख करून टाकते.

दर आणि येणं

`Rate` टॅबमध्ये तीनच रकाने: `A` मध्ये कोड, `B` मध्ये दर लागू झाल्याची तारीख, `C` मध्ये दरमहा भाडं. वरच्या उदाहरणात `F2A` च्या दोन ओळी होतील, १ जुलै २०२४ ला १४,००० आणि १ जून २०२५ ला १५,४००. करार झाला त्याच दिवशी दोन्ही ओळी भरून टाकायच्या, वाढीची तारीख उजाडायची वाट बघायची नाही. दर वाढला की नवी ओळ येते, जुन्या ओळीला हात लागत नाही. सगळ्या पद्धतीत हा एकच नियम कडक पाळायचा आहे.

इथे टक्क्यांचं सूत्र घालण्यापेक्षा करारात लिहिलेला रुपयांचा आकडा टाका. कारण ‘दरवर्षी १० टक्के वाढ’ याचे दोन अर्थ निघतात. १४,००० चे १५,४०० झाल्यावर पुढची वाढ चालू भाड्यावर धरली तर १६,९४० होतात, मूळ भाड्यावर धरली तर १६,८००. महिन्याला १४० रुपयांचा फरक, पण वाद होतो तो यावरच. करारात प्रत्येक टप्प्याचं भाडं रुपयांत लिहून घेतलं की शीटलाही अर्थ लावावा लागत नाही.

करार नोंदणीकृत आहे ना, हेही याच वेळी बघून घ्या. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी मालकाची असते. तो तसा नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, वेगळं असल्याचं मालकाला सिद्ध करावं लागतं. तुमच्या `Rate` मधली वाढीची ओळ कितीही नीटनेटकी असली तरी तिच्यामागे नोंदलेला करार नसेल तर तिला वजन नाही. इमारतीत एखादं जुनं, कायद्याचं संरक्षण असलेलं बिऱ्हाड असेल तर त्याला १० टक्के लावूच नका. त्याच कायद्याच्या कलम ११ मध्ये वर्षाला ४ टक्के वाढ सांगितली आहे.

`Due` टॅबमध्ये दर महिन्याचं येणं एकेका ओळीत: `A` तारीख, `B` कोड, `C` तपशील (भाडं, पाणी, सबमीटरची वीज वगैरे), `D` रक्कम. भाड्याच्या ओळीत `D2` मध्ये हे सूत्र घालून खाली ओढा:

```
=SUMIFS(Rate!C:C,Rate!A:A,B2,Rate!B:B,
 MAXIFS(Rate!B:B,Rate!A:A,B2,Rate!B:B,"<="&A2))
```

आतलं `MAXIFS` त्या कोडसाठी त्या तारखेपर्यंत लागू झालेली सगळ्यात अलीकडची तारीख शोधतं आणि बाहेरचं `SUMIFS` त्या तारखेचा दर आणतं. म्हणून मे २०२५ ची ओळ १४,००० दाखवते आणि जूनची १५,४००, दोन्ही कायमच्या. गूगल शीट आणि एक्सेल २०१९ किंवा त्यापुढच्या आवृत्तीत हे चालतं. एकच जपायचं: `Rate` मध्ये एकाच कोडच्या एकाच तारखेच्या दोन ओळी पडल्या तर `SUMIFS` दोन्हींची बेरीज करतं आणि भाडं दुप्पट दिसतं. अचानक २८,००० दिसले की आधी हेच तपासा. पाणी किंवा विजेच्या ओळीत सूत्र नको, आकडा हाताने टाका.

करार झाला की मुदतीच्या सगळ्या महिन्यांच्या ओळी एकदम भरून ठेवता येतात. पुढच्या तारखांच्या ओळी बाकीत धरल्या जाणार नाहीत याची सोय खाली `Summary` मध्ये आहे. भाडेकरू मुदतीआधी गेला तर उरलेल्या ओळी काढून टाकायच्या.

तारीख कोणती लिहायची, हे तुमच्या करारावर ठरतं. सगळे करार १ तारखेला सुरू होत असतील तर प्रश्नच नाही. करार १० जूनला सुरू झाला असेल तर दोन मार्ग आहेत. त्या भाडेकरूचा महिना १० ते ९ असा धरायचा आणि `Due` मध्ये दर वेळी १० तारीखच लिहायची. असं केलं की वाढीची तारीखही आपोआप महिन्याच्या सुरुवातीला पडते आणि तुकडे पाडावे लागत नाहीत. किंवा पहिल्या महिन्याचे दिवस मोजून घ्यायचे (१४,००० भाडं असेल तर १० ते ३० जूनच्या २१ दिवसांचे ९,८००) आणि पुढे १ तारीख धरायची. दुसऱ्या मार्गात वाढीचा महिना अडचण करतो. दर १० तारखेला बदलला आणि ओळ १ तारखेची असली तर तो अख्खा महिना जुन्या दराने धरला जातो. मग ‘वाढ पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून’ असं करारातच लिहून घ्या किंवा त्या महिन्याच्या दोन ओळी करा. सात भाडेकरूंसाठी मी पहिला मार्ग निवडेन. पैसे भाडेकरूने पगार झाल्यावर ५ तारखेला दिले तरी हरकत नाही, हिशेबाची तारीख आणि पैसे येण्याची तारीख एक असण्याची गरज नाही.

महिने पुढे सरकवायला `EDATE` वापरत असाल तर मोजणी दर वेळी कराराच्या पहिल्या तारखेपासून करा. मागच्या ओळीवरून केली तर ३१ जानेवारीचा २८ फेब्रुवारी होतो आणि मग मार्चही २८ लाच येतो.

जमा

`Paid` टॅबचे रकाने: `A` पैसे आल्याची तारीख, `B` कोड, `C` रक्कम, `D` प्रकार (यूपीआय, बँक, रोख), `E` व्यवहार क्रमांक किंवा पावती क्रमांक. ‘कोणत्या महिन्याचं’ हा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही. आलेली रक्कम सगळ्यात जुन्या बाकीत जाते असं धरलं की अर्धवट, उशिरा किंवा आगाऊ आलेल्या पैशांचा वेगळा विचार करावा लागत नाही. खोलीत तीन मुलं राहत असतील आणि तिघं आपापला वाटा पाठवत असतील तर तीन ओळी, कोड एकच. पैसे भाडेकरूच्या भावाच्या खात्यातून आले तरी कोड भाडेकरूचाच. यूपीआयचा क्रमांक १२ आकडी असतो. `E` रकान्याला प्लेन टेक्स्ट फॉरमॅट द्या आणि शेजारी `=COUNTIF(E:E,E2)` ठेवा. उत्तर १ पेक्षा जास्त आलं म्हणजे एकच स्क्रीनशॉट दोनदा नोंदला गेलाय. रोखीच्या ओळीतही पावती क्रमांक भराच, नाहीतर नेमकी तिथली दुहेरी नोंद या तपासणीतून सुटते.

काही रक्कम हातात न येताही जमा धरावी लागते. नळ गळत होता, भाडेकरूने ९०० देऊन दुरुस्त करून घेतला आणि भाडं तितकं कमी दिलं, तर `Paid` मध्ये ९०० ची वेगळी ओळ टाका, प्रकार ‘दुरुस्ती वजा’. भाड्याचा आकडा कमी करू नका. प्राप्तिकरात भाडं पूर्णच दाखवायचं असतं, घर व गाळ्याच्या उत्पन्नातून ३० टक्क्यांची ठोक वजावट मिळते, प्रत्यक्ष दुरुस्तीचा खर्च वेगळा वजा होत नाही.

गाळा एखाद्या कंपनीने घेतला असेल तर टीडीएसचंही तसंच. भाडं ६०,००० असेल तर कंपनी १० टक्के कापून ५४,००० पाठवेल. ५४,००० ची एक ओळ आणि ६,००० ची दुसरी, प्रकार ‘टीडीएस’. ही दुसरी ओळ नसेल तर वर्षाअखेरीला गाळेवाल्याकडे ७२,००० थकलेले दिसतील. टीडीएसच्या ओळींची बेरीज प्राप्तिकर खात्याच्या तुमच्या २६एएस पत्रकाशी ताडून बघता येते. कंपनीने कापलं पण भरलं नाही तर ते तिथेच कळतं.

एखाद्या महिन्यात तुम्ही स्वतः सूट दिली तर ती मात्र `Due` मध्ये उणे रकमेची ओळ म्हणून लिहा, तपशील ‘सूट’. पैसे मिळाले नाहीत आणि मिळणारही नाहीत, म्हणून ते येण्यातूनच कमी व्हायला हवेत.

डिपॉझिट

डिपॉझिट `Paid` मध्ये कधीच जायला नको. ते गेलं की बाकी उणे ५०,००० दिसते आणि तीन महिने भाडं आलं नाही तरी शीट गप्प बसते. `Deposit` टॅबमध्ये तारीख, कोड, रक्कम आणि तपशील एवढंच. घेतलेली रक्कम अधिक, परत दिलेली किंवा कापलेली उणे. करार वाढवताना डिपॉझिटमध्ये भर घातली तर नवी ओळ. या अख्ख्या टॅबची बेरीज म्हणजे लोकांचे तुमच्याकडे ठेवलेले पैसे, एखादी खोली रिकामी झाली की ते तातडीने काढून द्यावे लागतात.

खरी परीक्षा सोडून जाताना होते. समजा ५०,००० डिपॉझिट दिलेल्या `F2A` ने मधले ४,२०० चुकते केले, पण एप्रिल २०२६ चं शेवटचं भाडं ‘डिपॉझिटमधून कापा’ म्हणून दिलं नाही. वीजबिलाचे १,१८० राहिले आणि करारात रंगकामाचे ६,००० ठरलेले आहेत. वीज आणि रंगकाम आधी `Due` मध्ये लिहा, म्हणजे भाड्याचे १५,४०० धरून बाकी २२,५८० दिसेल. मग `Deposit` मध्ये उणे २२,५८० आणि त्याच तारखेला `Paid` मध्ये अधिक २२,५८०, प्रकार ‘डिपॉझिटमधून’. त्याची बाकी शून्य झाली आणि डिपॉझिट २७,४२० उरलं. तेवढे परत पाठवा, `Deposit` मध्ये उणे २७,४२० ची ओळ टाका, तिथेही शून्य. दोन्ही शून्य झाली की `F2A` बंद. `Deposit` मधली कापलेली रक्कम आणि `Paid` मधली ‘डिपॉझिटमधून’ प्रकाराची बेरीज जुळत नसेल तर यातली एक ओळ राहून गेलीय.

रोज बघायचं पान

`Summary` मध्ये प्रत्येक कोडची एक ओळ. `A` मध्ये कोड, `B` मध्ये नाव, `C` मध्ये बाकी:

```
=SUMIFS(Due!D:D,Due!B:B,A2,Due!A:A,"<="&TODAY())
 -SUMIFS(Paid!C:C,Paid!B:B,A2)
```

`D` मध्ये शिल्लक डिपॉझिट आणि `E` मध्ये पुढच्या वाढीची तारीख:

```
=SUMIFS(Deposit!C:C,Deposit!B:B,A2)
=MINIFS(Rate!B:B,Rate!A:A,A2,Rate!B:B,">"&TODAY())
```

`E` ला तारखेचा फॉरमॅट दिला आणि तिथे 30/12/1899 दिसलं तर घाबरू नका. ते गूगल शीटचं शून्य आहे, पुढचा दर नोंदलेला नाही एवढाच त्याचा अर्थ. `F` मध्ये करार संपण्याची तारीख हाताने लिहा आणि ती ४५ दिवसांवर आली की चौकट रंगेल असं कंडिशनल फॉरमॅटिंग लावा. हा रकाना चैनीचा नाही. करार संपला की `Due` च्या ओळीही संपतात, भाडेकरू मात्र राहतच असतो. त्याने एक पैसा दिला नाही तरी बाकी शून्यच दिसेल. या पद्धतीतली सगळ्यात लपून राहणारी चूक ही आहे आणि ती फक्त `F` रकान्यातच पकडली जाते.

सूत्रं बरोबर असूनही आकडे वेडेवाकडे आले तर आधी तारखांवर संशय घ्या. गूगल शीटमध्ये फाइल, सेटिंग्जमध्ये जाऊन लोकेल भारत करा. ते अमेरिका असेल तर ५/६/२०२५ हा ५ जून न राहता ६ मे होतो आणि वाढ महिनाभर आधी लागू होते. १३/६/२०२५ ला तेरावा महिना सापडत नाही म्हणून ती तारीख नुसता मजकूर म्हणून राहते आणि हिशेबातून गळते. ओळखायची खूण सोपी: खरी तारीख चौकटीत उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे.

जुन्या शीटमधून इकडे येताना मागची तीन वर्षं भरत बसू नका. एक दिवस ठरवा, १ तारीख सोयीची. आधीच्या शेवटच्या दिवशी प्रत्येकाकडे असलेली बाकी `Due` मध्ये ‘मागील बाकी’ म्हणून एका ओळीत टाका, कुणी आगाऊ दिले असतील तर ती ओळ उणे. डिपॉझिट जुन्या करारातून बघून भरा, आठवणीने नाही. ज्याच्याशी ‘एक महिना’ यावरून वाद चालू आहे त्याच्यापुरती मात्र मेहनत घ्या. त्याच्या दोन्ही दरांच्या ओळी, कराराच्या पहिल्या तारखेपासूनचं येणं आणि बँक पासबुकातली प्रत्येक जमा भरा. निघालेली बाकी तुमच्या आत्ताच्या शीटपेक्षा बरोबर एका नव्या भाड्याने कमी आली तर त्याचा तो महिना बुडालेलाच नव्हता.